दिवा बदलून भागणार नाही: प्रोजेक्टर पुरवठादारांना खुले पत्र

सोलापूर
दि. १६ जून २०२५

प्रति,
मालक,
आमच्या महाविद्यालयाला प्रोजेक्टर पुरवणारी एजन्सी

विषय: प्रयोगशाळांमधील सहा प्रोजेक्टर वारंवार बंद पडत असल्याबद्दल. जागेवर येऊन तपासणी करणे व सुटे भाग बदलून देणे.

महोदय,

स. न. वि. वि.

या पत्रात तुमचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. वाचलंत की कोणासाठी लिहिलंय ते तुम्हाला कळेलच. गेल्या दीड वर्षात मी तुम्हाला चार पत्रं दिली. चारही पत्रांच्या आमच्या प्रतींवर तुमच्या दुकानाचा पोच-शिक्का आहे, उत्तर मात्र एकाचंही नाही. फोन केला की "साहेब बाहेर आहेत, पोराला पाठवतो" एवढंच ऐकायला मिळतं. पोरगा येतो, दिवा बदलतो, बिल ठेवतो आणि जातो. म्हणून हे पाचवं पत्र चारचौघांत. असेच प्रोजेक्टर, असाच लोखंडी पिंजरा तुम्ही शहरातल्या इतर महाविद्यालयांतही बसवलाय. तिथल्या लॅब सांभाळणाऱ्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं.

मी या महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळांची प्रमुख आहे. प्रोजेक्टर बंद पडला की प्राचार्य मला विचारतात, मुलं माझ्याकडे बघतात आणि बिलावर सहीही माझीच असते. सही माझी म्हटल्यावर हिशोबही मलाच मांडला पाहिजे. सहाही प्रोजेक्टरची रडकथा सांगत बसत नाही, लॅब क्रमांक ३ मधल्या एकाच प्रोजेक्टरची गोष्ट सांगते.

ऑगस्ट २०२३ मध्ये तो बसला. पहिला दिवा गेला मार्च २०२४ मध्ये, मेनूतला `Lamp Hours` चा आकडा ८७० असताना. तुमच्याच पुस्तिकेत नेहमीच्या वापरासाठी पाच हजार तास लिहिलेत. तुमचं म्हणणं आलं, दिव्याची वॉरंटी सहा महिने किंवा हजार तास, यातलं आधी येईल ते. सहा महिने उलटले, सबब दिवा विकत घ्या. घेतला, साडेनऊ हजारांना. तो ऑगस्टमध्ये गेला, ४१० तासांवर. या वेळी महिनेही कमी भरले होते आणि तासही. मग उत्तर आलं, "मॅडम, हा कंपॅटिबल दिवा होता, याला वॉरंटी नसते." बिलावर कंपॅटिबल हा शब्द कुठेही नाही. बिल माझ्यासमोर आहे, हवं तर दाखवते.

तिसरा दिवा बसवला त्या दिवशी मी एक आगाऊपणा केला. दिव्याच्या काळ्या खोक्याला ओढून काढायचा दांडा असतो, त्याच्या आतल्या बाजूला माझ्या नेलपॉलिशचा एक ठिपका दिला. गडद मरून रंग. संशय म्हणून नव्हे हो, सहा प्रोजेक्टरचे दिवे कपाटात एकत्र झाले की कुठला कुणाचा ते कळत नाही, एवढ्यासाठीच.

जानेवारी २०२५, गड्ड्याची जत्रा उरकून कॉलेज सुरू झालं आणि प्रोजेक्टर पुन्हा मध्येच बंद पडायला लागला. तुमचा टेक्निशियन आला. मी पलीकडच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकल घेत होते. तासाभराने तो म्हणाला, "दिवा नवीन टाकलाय, आता बघा कसा पळतो." काउंटर शून्यावर होता. बिल पुन्हा साडेनऊ हजार. आणि खरंच, दोन महिने पळाला.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाची बॅच बसलेली असताना वरून "फट्ट" असा आवाज आला, बाटलीचं टोपण उडावं तसा. पडदा काळा. पिंजऱ्यातून बारीक धूर. या दिव्यात पारा असतो, म्हणून मुलांना बाहेर काढलं, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि अर्धा तास कुणाला आत सोडलं नाही. नंतर हातमोजे घालून काचा पुठ्ठ्याने गोळा केल्या आणि उरलेलं ओल्या कागदाने टिपलं. व्हॅक्यूम क्लीनर लावू दिला नाही, कारण त्याने पारा हवेत पसरतो. खोकं ओढून बाहेर काढलं तर दांड्याच्या आत मरून ठिपका जसाच्या तसा.

काउंटर सांगत होता २३० तास. जानेवारीत शून्य करण्याआधी तो ५२० वर होता. म्हणजे तोच दिवा ७५० तास चालला होता आणि मध्ये त्याच्या नावावर एक बिल फाडलं गेलं होतं. तुम्हाला मी चोर म्हणत नाही. टेक्निशियनने स्वतःच्या डोक्याने केलं असेल, दुकानातून चुकून जुनाच दिवा परत आला असेल. पण खुलासा तुम्हीच द्यायचाय. शिवाय काउंटर शून्य करणं नुसतं पैशाचं प्रकरण नाही. दिवा म्हातारा झाला की प्रोजेक्टर त्या आकड्यावरूनच सूचना देतो. आकडाच खोटा असेल तर ती सूचना येणार कशी?

आता मुख्य मुद्द्यावर येते. दिवे जातात कशाने?

फुटलेल्या दिव्याच्या आधीचे दोन दिवे मी टाकून दिले नव्हते. ते हातात धरून उजेडात बघितले. आयुष्य संपून गेलेला दिवा सहसा आतून काळपट पडतो आणि तोवर पडद्यावरचा उजेडही हळूहळू मंदावत जातो. या दोन्ही दिव्यांची काच काळी नव्हती, दुधाळ झाली होती, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी. तीही वरच्या बाजूला जास्त. एकाचा फुगवटाही हाताला जाणवत होता. ही खूण गरमीची. या दिव्यातली क्वार्ट्झची नळी हरभऱ्याएवढी, आत साधारण दोनशे वातावरणाइतका दाब आणि ठिणगीच्या दोन टोकांमध्ये जेमतेम एक मिलिमीटर अंतर. ज्योत वर जाते म्हणून नळीचा माथा सर्वांत जास्त तापतो. पंख्याने त्याला ठरलेल्या मापात थंड ठेवायचं असतं. हवा कमी पडली की क्वार्ट्झचे स्फटिक बनू लागतात, काच पांढरी पडते, पांढरी काच उजेड अडवते, त्याने ती आणखी तापते, आणि शेवटी एक तर पेटत नाही किंवा फुटते. थोडक्यात, तुम्ही वर्षभर बदलत होतात तो दिवा रोगी होता, रोग नव्हता.

मग हवा कुठे अडते ते बघायचं ठरवलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमधून तापमान मोजायच्या तारेचा मल्टिमीटर आणला आणि तारेचं टोक प्रोजेक्टर जिथून हवा आत ओढतो त्या जाळीपाशी चिकटवलं. तोवर मूळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून आमच्या खर्चाने आणलेला नवा दिवा बसला होता. एप्रिलमध्ये तीन दिवस, रोज दुपारी बारालाच, एकच चाचणी केली.

पहिल्या दिवशी सगळं होतं तसंच ठेवलं. खोलीत ३६ अंश. पंचवीस मिनिटांत जाळीपाशी ४४, चाळीस मिनिटांत ४७. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला `TEMP` चा लाल दिवा लुकलुकला आणि प्रोजेक्टर बंद. पुस्तिकेत चालवण्याची मर्यादा ४० अंश लिहिलीय. म्हणजे त्याने जे केलं ते बरोबरच केलं.

दुसऱ्या दिवशी फिल्टर धुऊन वाळवून बसवला, पिंजरा तसाच. तासाभराने ४४. बंद पडला नाही, पण मर्यादेच्या वरच चालत राहिला.

तिसऱ्या दिवशी तोच धुतलेला फिल्टर, पण पिंजऱ्याचं दार आणि बाजूचे पत्रे काढून ठेवले. खोलीत तेच ३६. तासाभराने जाळीपाशी ३८. दोन तास चालवला, पंख्याचा आवाजही बदलला नाही.

फिल्टरने तीन अंशांचा फरक पडला, पिंजऱ्याने सहा. चोरी होऊ नये म्हणून तो पिंजरा तुम्हीच प्रत्येकी अठराशे रुपये लावून बसवलात. त्याच्या बाजूंना जाळी नाही, सलग पत्रा आहे आणि त्यात बोटाएवढी आठ भोकं. गरम हवा बाहेर फेकायचं तोंड त्या पत्र्यापासून चार बोटांवर. तुमच्याच पुस्तिकेत तिथे किमान ३० सेंटिमीटर मोकळी जागा सोडा म्हणून चित्रासकट छापलंय. इथे गरम हवा पत्र्यावर आपटते, पिंजऱ्यातच फिरते आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा आत ओढली जाते. सोलापूरच्या उन्हाळ्यात गोधडी पांघरून झोपवल्यासारखं झालं.

फिल्टरचंही याच पिंजऱ्यापाशी येऊन थांबतं. फिल्टरचं झाकण बाजूला सरकवून उघडायचं असतं आणि नेमकी तिथेच पिंजऱ्याची उभी पट्टी आलीय. झाकण निम्मं सरकतं आणि अडतं. म्हणजे फिल्टर पुसायचा तर घोडा लावा, चार बोल्ट काढा, प्रोजेक्टर खाली उतरवा, पुन्हा चढवून पडद्यावर चौकोन जुळवा. दोन माणसं आणि अर्धा दिवस. पुस्तिकेत ठरावीक तासांनी फिल्टर साफ करा असं लिहिलंय, आम्ही पहिले आठ महिने केला नाही. ही चूक आमची, मी ती मान्य करते. पण बसवताना कुणी सांगितलंही नाही आणि उघडायची सोयही ठेवली नाही.

पहिल्यांदा तो फिल्टर काढला तेव्हा त्यावर धूळ नव्हती, चक्क नमदा होता. करड्या रंगाचा, पापडाएवढा जाड, एका अंगाने अख्खा सोलून निघाला. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी टॉवेलचे माग आहेत. त्याने बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, ही धूळ नाही, सुताचं तूस आहे. आमच्या घरी पंख्यावर असंच बसतं." कॉलेज अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडून येणाऱ्या वाऱ्यावर आहे. तूस खिडकीतून येतं आणि ते साध्या धुळीसारखं जाळीतून गळून जात नाही, एकमेकांत गुंतून चादर विणतं. सोलापुरात धंदा करणाऱ्याला हे मी सांगायला नको होतं.

आणखी एक गंमत याच चाचणीत सापडली. मेनू चाळताना `High Altitude Mode` चालू दिसला. आमच्यापैकी कुणी तो लावलेला नाही. ही सोय दीड हजार मीटरपेक्षा उंच ठिकाणांसाठी असते. तिथे हवा विरळ म्हणून पंखे जोरात फिरवावे लागतात. सोलापूरची उंची सुमारे साडेचारशे मीटर. महाबळेश्वरसुद्धा दीड हजार मीटर भरत नाही! तुमच्या टेक्निशियनने जानेवारीत हा मोड लावून पंखे पूर्ण वेगाने सोडले, म्हणून प्रोजेक्टर थंडीचे दोन महिने तग धरून राहिला. त्याला रोग कळला होता, असं यावरून मला वाटतं. त्याने फक्त तो सांगितला नाही. दोन महिने रात्रंदिवस नाही तरी रोज सहा तास पूर्ण वेगाने फिरून आता बाहेरच्या पंख्याचं बेअरिंग घरघरतंय आणि मागच्या बाकावर माझं बोलणं ऐकू जात नाही.

आमच्या बाजूचं आणखी थोडं, म्हणजे तुम्ही म्हणायच्या आत मीच सांगते. काही शिक्षक रिमोटने बंद न करता सरळ भिंतीवरचं बटण दाबत. तसं केलं की दिवा लाल तापलेला असताना पंखाही थांबतो. वीज गेली तरी तेच होतं, कारण प्रोजेक्टर यूपीएसवर नव्हते. मे महिन्यात मी सहाही प्रोजेक्टर यूपीएसच्या लाइनवर घेतले आणि भिंतीवरच्या बटणांवर चिकटपट्टी लावली. दुपारी खोलीच ४१-४२ अंशांवर जाते तेव्हा पिंजरा असो नसो, प्रोजेक्टर चालवू नये हे मलाही कळतं. त्यासाठी उन्हाळी बॅचेस सकाळी साडेसातला नेल्या. आमच्याकडून होण्यासारखं होतं ते केलं.

उरलेल्या पाच प्रोजेक्टरमध्येही सगळं याच कारणाने होतंय असा माझा दावा नाही. मोजमाप मी एकाचंच केलंय. लॅब १ मधला सुरू होतानाच `LAMP` चा दिवा दाखवतो, पण त्यातला दिवा दुसऱ्या प्रोजेक्टरमध्ये घातला की पेटतो. तेव्हा तिथे दिव्याला पेटवणारी बॅलास्टची पाटी बघावी लागेल. लॅब ५ च्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात पिवळा डाग पसरतोय. लेन्स पुसून गेला नाही, चित्र बदललं तरी जागा सोडत नाही. आतली पोलरायझरची पट्टी गरमीने भाजली असावी असा माझा अंदाज. हे उघडून बघायचं काम तुमचं. वॉरंटी असताना मी स्क्रू फिरवला तर उद्या तुम्ही तेच पुढे कराल.

आणि ती वॉरंटी, दिवा सोडून बाकी यंत्राची, दोन वर्षांची. येत्या ऑगस्टमध्ये संपते. चार पत्रं अनुत्तरित का राहिली याचा विचार करताना ही तारीख माझ्या मनातून जात नाही.

माझ्या मागण्या अशा.

३० जूनच्या आत सहाही प्रोजेक्टरची जागेवर, कव्हर उघडून, माझ्यासमोर तपासणी व्हावी. नुसता टेक्निशियन नको, मूळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा माणूस सोबत हवा. प्रत्येक प्रोजेक्टरचा लेखी अहवाल द्या: पंखे किती, कोणता अडतो, तापमानाचा सेन्सर नीट वाचतो का, बॅलास्ट, पोलरायझर. "ओके" एवढा एक शब्द लिहिलेला कागद मी घेणार नाही.

वॉरंटीत बदलून हवेत: लॅब ३ चा बाहेरचा पंखा, लॅब १ ची बॅलास्टची पाटी आणि लॅब ५ ची पोलरायझरची पट्टी. शेवटच्या दोन्हींत तपासणीत दुसरं काही निघालं तर तो भाग. सहा जादा फिल्टर हवेत, त्यांचे पैसे आम्ही देऊ.

पिंजरे तुमच्या खर्चाने बदला. चारही बाजूंना उघडी जाळी, हवा बाहेर पडते त्या बाजूला फुटभर मोकळी जागा, आणि फिल्टरचं झाकण जागेवर पूर्ण उघडलं पाहिजे. चोरीची भीती कुलपाने जाते, त्याला पत्रा लागत नाही.

जानेवारीचं साडेनऊ हजारांचं बिल रद्द करून रक्कम परत करा. ऑगस्ट २०२४ मध्ये वॉरंटी नाकारलेल्या दिव्याचा निर्णय लेखी कळवा. इथून पुढे दिवा बदलला की जुना दिवा आमच्या ताब्यात आणि नव्याचा अनुक्रमांक सर्व्हिस स्लिपवर. दिवा मूळ कंपनीचा की कंपॅटिबल, तेही बिलावर स्पष्ट. कंपॅटिबलला माझा विरोध नाही, न सांगता देण्याला आहे.

३० जूनपर्यंत कुणी आलं नाही तर १ जुलैला हे पत्र, तीन दिवसांच्या नोंदी, बिलं आणि दिव्यांचे फोटो मूळ कंपनीच्या सर्व्हिस विभागाकडे आणि आमच्या खरेदी समितीकडे जातील. नवीन वर्गांसाठी आणखी चार प्रोजेक्टर घ्यायचेत, ती फाइल समितीपुढेच आहे.

येताना मोठा घोडा आणू नका, आमचा जिन्याखाली आहे. सकाळी अकराच्या आत या, लॅब मोकळी असते. दुधाळ झालेले दोन दिवे आणि ठिपक्याचं खोकं माझ्या टेबलाच्या खालच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलंय, तेही बघायला मिळेल.

कळावे,

आपली,
प्रयोगशाळा प्रमुख, संगणक विभाग